केसांचा रंग सुटणे

केसांचा रंग सुटणे म्हणजे नव्याने रंगवलेल्या केसांतील रंजक पाणी, घाम किंवा घर्षण यांमुळे बाहेर येऊन उशीचा अभ्रा, टॉवेल, कपड्यांची कॉलर, कपाळ आणि मान यांवर उतरणे होय. गुलाबी, लाल, निळा, जांभळा, हिरवा अशा भडक छटांच्या अर्धस्थायी केशरंगांत हा प्रकार नेहमीचा आहे. काळ्या व तपकिरी स्थायी केशरंगांत तो सहसा पहिल्या एक-दोन धुण्यांपुरता आणि सौम्य असतो.

डाग पडू लागले की रंग निकृष्ट आहे किंवा तो केसांना ‘धरलाच’ नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांत उशीवर उतरणारा बहुतेक रंग केसांत कधी गेलेलाच नसतो. तो केसांच्या पृष्ठभागावर उरलेला जादा रंग असतो आणि नीट धुतल्यास केसांची छटा न बिघडता निघून जातो. त्यानंतरही जो रंग थोडाथोडा येत राहतो तो केसांच्या आतून येतो. या दोन प्रकारांची कारणे वेगळी असल्यामुळे त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

## रंजकांचे स्वरूप

केसाच्या धाग्याचे बाहेरचे आवरण क्युटिकल या नावाने ओळखले जाते. ते माशांच्या खवल्यांप्रमाणे किंवा घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक रचलेल्या पातळ, चपट्या पेशींचे असते. त्याच्या आत कॉर्टेक्स हा जाड भाग असतो. केसाचा नैसर्गिक रंग, म्हणजे मेलॅनिन, मुख्यतः कॉर्टेक्समध्येच असतो.

स्थायी केशरंगात पूर्ण तयार झालेला रंग नसतोच. त्यात पॅरा-फेनिलीनडायअमीन यांसारखी लहान रेणूंची, जवळजवळ रंगहीन द्रव्ये असतात. अमोनियासारख्या अल्कधर्मी पदार्थामुळे केस फुगतो, हे लहान रेणू कॉर्टेक्समध्ये शिरतात आणि तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात. आत जाताना लहान असलेला रेणू आत गेल्यावर मोठा होतो, म्हणून त्याला बाहेर पडणे अवघड जाते. या रंगाच्या टिकाऊपणाचे हेच कारण आहे.

भडक छटांच्या अर्धस्थायी रंगांची रीत याच्या उलट आहे. त्यांत रंजक डबीतच तयार असतो. पेरॉक्साइड किंवा अमोनिया मिसळावा लागत नाही आणि केसांत कोणतीही नवी रासायनिक जोडणी घडत नाही. रंजकाचे रेणू केसाला चिकटतात व काही प्रमाणात त्याच्या बाहेरील थरांत शिरतात, एवढेच. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ‘बेसिक रेड ५१’, ‘बेसिक ब्ल्यू ९९’, ‘एचसी यलो २’ अशी नावे आढळतात. ‘बेसिक’ने सुरू होणारे रंजक क्षारकीय गटातील असून त्यांच्या रेणूंवर धन विद्युत्‌भार असतो. नेहमीच्या स्थितीत केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असल्याने हे रेणू त्याच्याकडे ओढले जातात. ‘एचसी’ गटातील लहान रेणूंवर भार नसतो. ते केसांत चटकन शिरतात आणि तितक्याच सहजतेने बाहेरही येतात. जे आकर्षण पाण्यात जुळते ते पाण्यातच सैल होऊ शकते, त्यामुळे अशा रंगाचे सुटणे हा त्याचा दोष नसून त्याच्या रचनेचाच भाग आहे.

अशा रंगांचा प्रसार पंक संगीताच्या काळात झाला. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली टिश आणि स्नूकी बेलोमो या बहिणींनी ‘मॅनिक पॅनिक’ हे दुकान सुरू केले. पुढे हे नाव भडक केशरंगांशी कायमचे जोडले गेले.

## विरंजनाचा परिणाम

भारतीयांचे केस बहुधा काळे किंवा गडद तपकिरी असतात. त्यांवर गुलाबी किंवा आकाशी रंग थेट लावला तर तो उन्हात जेमतेम जाणवतो. म्हणून आधी केसांचे विरंजन करून ते पिवळसर करावे लागतात. रंग उठून दिसतो तो या विरंजनामुळे, आणि पुष्कळदा सुटतोही त्याच्यामुळेच.

विरंजनात मेलॅनिनबरोबर केसांतील केराटिन या प्रथिनाचेही ऑक्सिडीकरण होते. प्रथिनाच्या साखळ्यांना जोडून ठेवणारे गंधकाचे बंध तुटतात आणि त्यांच्या जागी ऋणभारित गट तयार होतात. क्युटिकलवरचा पाणी झटकून टाकणारा मेदाचा पातळ थरही निघून जातो. त्यामुळे असे केस क्षारकीय रंजक भराभर व भरपूर घेतात, परंतु ते पाणीही तितक्याच भराभर शोषून फुगतात. क्युटिकलचे खवले उचलले गेलेले किंवा झिजलेले असल्यास आतील रंजकाला अडवणारे फारसे काही उरत नाही. एकाच डोक्यावरील वारंवार विरंजित झालेली टोके मुळाजवळच्या केसांपेक्षा आधी फिकी पडतात, ती याच कारणाने.

## सुटण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार जादा रंगाचा. केस ठरावीक प्रमाणातच रंजक धरून ठेवू शकतात. त्या पलीकडचा रंग दाट मलमाच्या रूपात खवल्यांवर आणि केसांच्या बटांमध्ये अडकून राहतो. रंग सढळ हाताने लावला, पांढऱ्या कंडिशनरमध्ये न मिसळता शुद्ध गडद वापरला किंवा घाईने धुतला, तर हा साठा मोठा असतो. वाळल्यावर तो भुकटीसारखा सुटतो आणि कोरड्या कापडावरही लागतो.

दुसरा प्रकार झिरपण्याचा. केस भिजले की फुगतात आणि त्यांच्या आतील रंजकाचे रेणू पाण्यात हळूहळू बाहेर सरकतात. हे प्रत्येक धुण्यात घडते आणि रंग फिका होईपर्यंत थांबत नाही. केस कोरडे असताना ही वाट जवळजवळ बंद असते.

दोन्ही प्रकार ओळखण्याची रीत कापड गिरण्यांच्या प्रयोगशाळांतून घेता येते. तेथे कापडाच्या रंगाचा पक्केपणा तपासताना पांढरे सुती फडके रंगीत कापडावर एकदा कोरडे आणि एकदा ओले घासतात आणि पडलेल्या डागाला १ ते ५ असे गुण देतात. त्यांत ५ म्हणजे डाग नाही आणि १ म्हणजे गडद डाग. घरी एक पांढरा सुती रुमाल पुरतो. पूर्ण वाळलेली बट त्याच्या कोरड्या भागात धरून मुळापासून टोकापर्यंत आठ-दहा वेळा ओढावी, मग रुमालाचा दुसरा भाग ओला करून तेच करावे. कोरड्या भागावर स्पष्ट रंग आला तर जादा रंग शिल्लक आहे आणि केस पुन्हा नुसत्या पाण्याने धुणे आवश्यक आहे. कोरडा भाग स्वच्छ आणि ओल्या भागावर फिकट छटा आली तर ते नेहमीचे झिरपणे होय. अशा वेळी आणखी धुण्याने फायदा होत नाही, उलट रंग लवकर जातो.

## रंगानंतरचे पहिले धुणे

डाग रोखण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम पहिल्या अर्ध्या तासातच होते. रंग टिकावा म्हणून अनेकजण केस जेमतेम ओले करून थांबतात. येथेच गफलत होते. केसाला चिकटलेला रंग नुसत्या गार पाण्याने फारसा जात नाही, जातो तो मुख्यतः जादा रंग. तो न्हाणीघरात गेला नाही तर उशीवर जातो.

धुण्यासाठी पाणी थंड किंवा कोमट असावे. तापमान वाढले की केस अधिक फुगतात व रेणूंची हालचालही वाढते. डोके पुढे झुकवून केसांचे चार-पाच भाग करावेत आणि प्रत्येक भागातून पाणी सोडत बोटांनी मुळापासून टोकापर्यंत केस निथळावेत. मानेवरचा आणि कानांमागचा भाग हमखास राहून जातो. तेथे केस दाट असतात, पाण्याची धार पोहोचत नाही, आणि झोपताना उशीला टेकणारा भागही नेमका तोच असतो. खांद्यापर्यंतच्या केसांना या कामासाठी साधारण दहा मिनिटे लागतात. उतरणारे पाणी अगदी नितळ होण्याची वाट पाहू नये. लाल व निळ्या छटांत ते कधीच पूर्ण नितळ होत नाही. पांढऱ्या मगमध्ये धरलेल्या पाण्यातून तळ स्पष्ट दिसू लागला म्हणजे पुरे. त्यानंतर कंडिशनर लावून दोन-तीन मिनिटांनी तो धुवावा. या धुण्यात शांपू वापरू नये.

दोन वेळच्या अनुभवांची तुलना केल्यास फरक कळतो. समजा, खांद्यापर्यंतच्या विरंजित केसांना शनिवारी संध्याकाळी शुद्ध गडद गुलाबी रंग पाऊण तास लावून ठेवला. पाणी अजून सरबतासारखे गुलाबी येत असतानाच, दोन मिनिटांत धुणे थांबवले. केस पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळले आणि रात्री मानेजवळ ते दमट असतानाच झोप घेतली. सकाळी टॉवेलवर पट्टे, अभ्र्यावर तळहाताएवढा डाग आणि अभ्र्याखालच्या उशीवरही गुलाबी छटा दिसते. केसांचा रंग मात्र आदल्या दिवसाइतकाच गडद असतो, म्हणजे उतरला तो जादा रंगच होता. दोन महिन्यांनी तोच रंग, त्याच केसांवर, पण शनिवारी सकाळी लावला. भाग पाडून दहा मिनिटे धुतले, जुन्या काळ्या टी-शर्टने पाणी टिपले, यंत्राच्या मंद वाऱ्यावर केस मुळापर्यंत वाळवले आणि रात्री रुमालाची कोरडी चाचणी घेतली. मानेजवळच्या बटांनी रुमालावर रंग सोडला म्हणून तेवढाच भाग पुन्हा धुऊन वाळवला. या वेळी अभ्र्यावर कडेला एक पुसट रेघ उमटली, तीही कपाळावरील केसांच्या रेषेशी आलेल्या घामाने. केसांची छटा दोन्ही वेळा सारखीच राहिली.

## नंतरची काळजी

शांपूतील फेस करणारी द्रव्ये बहुधा ऋणभारित असतात. क्षारकीय रंजकाच्या धनभारित रेणूशी त्यांची जोडी जमते आणि ती जोडी केस सोडून जाते. पाणीतपासणीच्या प्रयोगशाळांत मिथिलीन ब्ल्यू हा क्षारकीय रंजक वापरून पाण्यातील अशाच द्रव्यांचे प्रमाण मोजतात, ते याच गुणधर्मावर. म्हणून रंगवलेल्या केसांना शांपू जितका कमी व सौम्य तितका बरा. पहिले दोन-तीन दिवस तो टाळावा आणि पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरे. केस रात्रीऐवजी सकाळी धुतले तर झोपण्यापूर्वी ते वाळायला वेळ मिळतो, आणि अभ्रा वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

व्हिनेगरने किंवा मिठाच्या पाण्याने रंग ‘पक्का’ होतो, ही समजूत कापडाच्या व्यवहारातून आली आहे. सुती कापड रंगवताना मिठामुळे काही रंजक धाग्यावर अधिक बसतात आणि लोकर रंगवताना आम्लाची मदत होते, हे खरे आहे. परंतु हे त्या-त्या रंजकांच्या रंगकुंडातील काम आहे. केसांत बसलेल्या क्षारकीय रंजकाला मीठ कोणताही नवा बंध देत नाही. सौम्य आम्लाने केस कमी फुगतात व खवले आडवे बसतात, त्यामुळे झिरपणे किंचित मंदावते. मात्र आम्लाने केसावरील ऋण भारही घटतो आणि क्षारकीय रंजकाला बांधून ठेवणारा भार तोच असतो. कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटची धार घेण्यात हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पांढरा अभ्रा घालू नये.

केस दमट राहणे हे झिरपण्याचे मोठे निमित्त आहे. मुंबई, कोकण आणि गोवा येथे पावसाळ्यात केस तासन्‌तास वाळत नाहीत. दुचाकीवरील हेल्मेटच्या आत घामाने टाळू ओली होते आणि अस्तरावर रंग उतरतो. तो पुढच्या वेळी कपाळावर लागतो तेव्हा डागाचे कारण चटकन लक्षात येत नाही. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी किंवा रुमाल बांधणे आणि तो रोज धुणे यावर बराचसा उपाय होतो. पोहण्याच्या तलावातील क्लोरीनयुक्त पाण्याने रंग सुटतो आणि त्याची छटाही बिघडते.

## कापडानुसार फरक

एकाच रंगाचा डाग सुती अभ्र्यावरून धुऊन जातो आणि रेशमी अभ्र्यावर कायमचा राहतो. याचे कारण अशा कृत्रिम केशरंगांच्या जन्मापूर्वीच ठाऊक झाले होते. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ साली लंडनमध्ये मोव्ह हा पहिला यशस्वी कृत्रिम रंजक तयार केला. तोही क्षारकीय होता. तो रेशमावर सरळ चढे, पण सुती कापडावर टिकत नसे. सुतावर तो बसवण्यासाठी टॅनिनसारखे रंगबंधक वापरावे लागले. रेशीम आणि लोकर केसांप्रमाणेच प्रथिनांचे बनलेले असल्याने केसांना रंगवणारे रंजक त्यांनाही रंगवतात. सूत मात्र सेल्युलोजचे असते आणि क्षारकीय रंजकाला त्याची फारशी ओढ नसते.

केस कमी तुटावेत म्हणून रेशमी अभ्रा वापरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. नवा भडक रंग लावल्यानंतरचे पहिले दोन आठवडे तो बाजूला ठेवलेला बरा. अॅक्रिलिकच्या शाली व स्वेटरही जपावेत, कारण या धाग्यासाठी क्षारकीय रंजक मुद्दाम वापरले जातात. या काळात गडद रंगाचा जुना सुती अभ्रा, त्याखाली दुसरा अभ्रा आणि वेगळा ठेवलेला गडद टॉवेल एवढी सोय पुरेशी ठरते. टॉवेलने केस चोळू नयेत, दाबून टिपावेत.

## डाग काढणे

ताजा डाग लगेच थंड पाण्याच्या धारेखाली, कापडाच्या उलट बाजूने धुवावा, म्हणजे रंग आला त्याच वाटेने बाहेर जातो. नंतर कपडे धुण्याची पावडर किंवा द्रव साबण लावून अर्धा तास ठेवावा. तरी उरलेल्या डागावर औषधाच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिट कापसाने टिपावे व खाली पांढरे फडके धरावे. क्षारकीय रंजक अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात आणि फडक्यावर रंग उतरताना दिसतो. कापडाचा स्वतःचा रंग जात नाही ना, हे आधी शिवणीच्या आतल्या बाजूला पाहून घ्यावे. अॅसिटेट कापडावर नेलपॉलिश काढण्याचा द्रव वापरू नये, ते कापड त्यात विरघळते.

पांढऱ्या सुती कपड्यांवर सोडियम परकार्बोनेट असलेला, म्हणजे क्लोरीनविरहित, विरंजक वेष्टनावरील प्रमाणात कोमट पाण्यात घालून कपडा काही तास भिजवल्यास जुना डागही बहुधा निघतो. क्लोरीनयुक्त विरंजक पांढऱ्या सुतापुरताच ठेवावा. रेशीम व लोकर यांची प्रथिने त्याने नष्ट होतात. तो व्हिनेगर, इतर आम्ले किंवा अमोनिया यांच्यात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निर्माण होतात. डाग पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत कपड्याला इस्त्री करू नये. पॉलिएस्टर, नायलॉन व ताणल्या जाणाऱ्या कापडांत भाररहित रंजक धाग्याच्या आत शिरतात. तेथील डाग फिका होतो, पण पूर्णपणे निघेलच असे नाही.

कपाळावर व कानांवर लागलेला रंग त्वचेच्या मृत थरात असतो आणि काही दिवसांत आपोआप जातो. रंग लावण्यापूर्वी केसांच्या रेषेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिल्यास तो लागतच नाही. जेली केसांवर मात्र येऊ देऊ नये, नाहीतर तेथे रंग बसत नाही.

## मेंदी

महाराष्ट्रात केस रंगवण्यासाठी पूर्वापार वापरली जाणारी मेंदीही पहिल्या दिवसांत उशीवर उतरते, पण तिची रीत निराळी आहे. मेंदीच्या पानांतील लॉसोन हा रंजक केराटिनशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतो. त्यामुळे एकदा बसलेला रंग अर्धस्थायी भडक रंगांसारखा झिरपत नाही. उशीवर नारिंगी-तपकिरी डाग पाडतो तो केसांत अडकलेला पाल्याचा चुरा आणि बंध न जुळलेला लॉसोन. दोन-तीन वेळा भरपूर पाण्याने धुतल्यावर हे डाग सहसा थांबतात. मेंदीचा रंग पुढील एक-दोन दिवस हवेतील ऑक्सिजनमुळे गडद होत जातो. काही तासांतच काळा रंग देणाऱ्या तथाकथित ‘काळ्या मेंदी’त पुष्कळदा पॅरा-फेनिलीनडायअमीन मिसळलेले असते. तिचे डाग आणि त्वचेवरील दुष्परिणाम मेंदीचे नसून त्या द्रव्याचे असतात.